नेसवणारीचे शब्द, शोधणारीचे शब्द

पंचवटीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू लग्नघरी नवरीला नऊवारी नेसवायला जातात. मुहूर्त सकाळी सातचा असला की पहाटे चारला त्या आपली पिशवी घेऊन रिक्षात बसलेल्या दिसतात. पिशवीत सेफ्टी पिनांचं पाकीट, जाड नाडी आणि कात्री. गेल्या वर्षी भाचीच्या आग्रहाने त्यांनी एक व्हिडिओ केला. बारा मिनिटांत, एकही टाका न घालता, कॉटन-सिल्कची नऊवारी काष्टा घालून इतकी नीट नेसवून दाखवली की मी स्वतः तो बघून पहिल्यांदा न चुकता नेसले. भाचीने तो यूट्यूबवर चढवला आणि वर नाव दिलं : ‘सुंदर मराठमोळा लूक, भाग ३’. खाली वर्णनात तीन बदाम आणि ‘व्हिडिओ आवडल्यास लाइक करा’.

महिनाभर तो घरच्यांशिवाय कुणी पाहिला नाही. काकूंना वाटलं, आपल्या शिकवण्यात खोट असेल. खोट नावात होती.

असा व्हिडिओ शोधणारी बाई कशी असते ते आधी डोळ्यांपुढे आणावं. ती आरशासमोर उभी आहे, साडीचं एक टोक कंबरेला, दुसरं पलंगावर, आणि मोकळ्या हाताने ती मोबाइलवर टाइप करते आहे. ‘मराठमोळा लूक’ असं ती लिहीत नाही. ती लिहिते, ‘nauvari sadi kashi nesaychi’. किंवा माइकचं बटण दाबून सरळ विचारते, ‘नऊवारी साडी कशी नेसायची?’ कधी तर ‘नऊवारी कशी घालायची?’ असंही. साडी नेसतात, घालत नाहीत, हे मला पाठ आहे आणि ऐकताना कानाला टोचतं. पण खिडकीत काय टाइप होतं हे माझ्या कानावर ठरत नाही.

हे शब्द अंदाजाने शोधावे लागत नाहीत. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडायची, म्हणजे आपल्या जुन्या शोधांचा रंग लागत नाही, आणि यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘nauvari’ एवढंच लिहून थांबायचं. खाली सूचनांची उतरंड लागते. मग ‘नऊवारी’ देवनागरीत लिहून पाहायचं, मग ‘kashta saree’, मग ‘9 vari’. लोकांनी खरोखर वापरलेले शब्दप्रयोग त्या उतरंडीत असतात. काकूंच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून आम्ही हे केलं, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ‘नऊवारी’ हा एक शब्द टाइप करणाऱ्या बायका तीन वेगळ्या गोष्टी मागत असतात.

एकीला खरी नऊ वाराची साडी नेसायची असते. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. दुसरीकडे रोजची सहावारीच असते, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास, आणि तिला त्याच साडीला काष्टा घालून नऊवारीसारखं दिसायचं असतं. तिसरीने शिवलेली नऊवारी आणलेली असते, जी पायजम्यासारखी चढवायची आणि पदर तेवढा लावायचा. या तिघींना एकमेकींचा व्हिडिओ कवडीच्या उपयोगाचा नाही. सहावारीवालीने काकूंचा व्हिडिओ लावला तर पाचव्या मिनिटाला तिच्या हातातलं कापड संपेल. म्हणून शीर्षकात सर्वांत आधी यायला हवं ते हे : कापड किती वार आणि शिवलेलं की न शिवता.

त्यानंतर कापडाचा प्रकार. आणि हा केवळ शोधात सापडावं म्हणून टाकायचा शब्द नाही, कारण कापड बदललं की हात बदलतो. कॉटन-सिल्क जरा फुगतं, पण पाडलेली निरी धरून ठेवतं, त्यामुळे शिकायला ते बरं. निव्वळ कडक सुती साडीत निऱ्या पंख्यासारख्या उघडतात आणि बोटांनी पुन्हा पुन्हा दाबाव्या लागतात. शिफॉन आणि जॉर्जेट उलट, निरी पडते छान आणि हात काढला की घसरते, म्हणून तिथे आधी पिन आणि मग खोचणं. ऑर्गेंझा अंगापासून लांब उभा राहतो. पैठणीत जरीच्या पदराचं वजन खांद्यावरून मागे ओढतं, आणि पिन जरीतून आरपार टोचली तर तार तुटून कायमचं भोक राहतं. काकू पैठणीला पिन लावताना आतून जुन्या कापडाची चिंधी दुमडून ठेवतात आणि पिन त्या चिंधीत आणि ब्लाउजात पकडतात, जरीवर ताण येऊ देत नाहीत. शीर्षकात ‘सिल्क साडी’ एवढंच लिहिलं आणि आत जॉर्जेट निघालं, तर बघणारी तीच पिन तिच्या आईच्या पैठणीत ठोकून मोकळी होईल.

तिसरा शब्द प्रसंगाचा. इथे भाचीचं आणि माझं थोडं वाजलं. तिचं म्हणणं, सगळेच सण लिहून टाकू : पाडवा, गौरी-गणपती, लग्न, डोहाळजेवण, हळदीकुंकू. म्हणजे सगळीकडून लोक येतील. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “अगं, पण मी प्रत्येकीला वेगळी नेसवते ना!”

आणि ते खरं होतं. मंगळागौरीला फुगडी आणि झिम्मा असतो, रात्रभर उठबस, म्हणून काष्टा गच्च ओढून कंबरेला घट्ट खोचायचा आणि साडी घोट्याच्या जरा वर ठेवायची. लग्नातली नवरी तासन्‌तास पाटावर मांडी घालून बसते, तिला तेवढाच गच्च काष्टा दिला तर दुसऱ्या तासाला मांड्यांना रग लागते, म्हणून तिथे मागे चार बोटं सैल. नाशिकला गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बायका नऊवारी नेसून दुचाकीवर निघतात, तिथे टांग टाकता आली पाहिजे आणि पदर वाऱ्यावर उडून चाकात जाता कामा नये, म्हणून तो पुढे घेऊन कंबरेला खोचायचा. एका व्हिडिओत यातली एकच पद्धत असते. काकूंनी दाखवली होती ती मंगळागौरीची. म्हणून शीर्षकात मंगळागौर, आणि एवढीच.

सणाचं नाव घातलं की एक मर्यादाही येते. मंगळागौर श्रावणातल्या मंगळवारी, पाडवा चैत्राच्या पहिल्या दिवशी, आणि इंग्रजी तारखा दर वर्षी सरकतात. म्हणून शीर्षकात तारीख किंवा साल लिहू नये. पुढच्या श्रावणात तो व्हिडिओ शिळा दिसतो. चढवण्याची वेळ मात्र सणाच्या आदल्या दिवशीची नको. गूगल ट्रेंड्सवर ‘यूट्यूब शोध’ निवडून, प्रदेश महाराष्ट्र ठेवून आणि पाच वर्षांचा काळ घेऊन ‘nauvari’ पाहता येतं. आलेख कधी चढू लागतो ते तिथे डोळ्यांनी दिसतं, आणि त्याच्या थोडं आधी आपला व्हिडिओ जागेवर असलेला बरा.

आता प्रत्यक्ष शीर्षक. यूट्यूब शंभर चिन्हांपर्यंत लिहू देतं, पण मोबाइलवर यादीत तेवढं दिसत नाही, शेपूट कापली जाते. शिवाय देवनागरीचा एक पेच आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. ‘नेसायची’ हा आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द, मोजणीत सात. ‘सिल्क’मधला पाय मोडण्याचा हलंतसुद्धा एक जागा खातो. त्यामुळे मराठी शीर्षक वाटतं त्याच्या दीडपट जागा घेतं आणि महत्त्वाचं सगळं सुरुवातीलाच यावं लागतं. बऱ्याच खोडाखोडीनंतर आमचं ठरलं ते असं :

```
न शिवता नऊवारी कशी नेसायची | कॉटन-सिल्क, मंगळागौर | Nauvari Saree Kashta
```

ही बहात्तर चिन्हं. पहिला उभा दांडा येण्याआधीची सव्वीस चिन्हं कापली जाण्याची भीती जवळजवळ नाही, आणि कापडाचं व सणाचं सगळं गेलं तरी तेवढ्यात पूर्ण प्रश्न उरतो. तो प्रश्न मुद्दाम प्रश्नासारखाच ठेवला, कारण माइकवर बोलणाऱ्या आजीबाई आणि काकू तसंच विचारतात आणि त्यांचं बोलणं देवनागरीत उमटतं. शेवटचे तीन शब्द रोमन लिपीत आहेत, कारण तरुण मुली मराठीच टाइप करतात पण इंग्रजी कळफलकावर. त्यातही ‘nauvari’, ‘navvari’, ‘nauwari’ अशी रूपं आहेत. ती सगळी शीर्षकात कोंबायची नाहीत, सूचनांमध्ये जे रूप वर आलं ते एक घ्यायचं. ‘नऊवारी’ की ‘नौवारी’ हा शुद्धलेखनाचा वादही तिथेच मिटवला : शीर्षकात ऊ-वाली, वर्णनात एका वाक्यात औ-वाली.

‘भाग ३’ काढलं. भाग एक आणि दोन न पाहिलेल्या माणसाला ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. ‘सुंदर’ही गेलं. कुणी कुरूप नऊवारी शोधत नसतं.

वर्णनाचं काम वेगळं आहे. त्याला पाच हजार चिन्हांची मुभा असते, पण व्हिडिओखाली उघडं दिसतं ते पहिल्या एक-दोन ओळींपुरतं. बाकीचं ‘आणखी’ दाबल्यावर. भाचीने पहिल्या ओळीत चॅनेलचं स्वागत लिहिलं होतं, ते खाली ढकललं. पहिल्या ओळी अशा झाल्या : ‘९ वारी कॉटन-सिल्क साडी न शिवता, परकराशिवाय, काष्टा घालून कशी नेसायची ते सावकाश दाखवलं आहे. मंगळागौरीला खेळताना सुटणार नाही अशी गच्च पद्धत.’ वाचणारीला इथेच कळावं की हे तिचं आहे की नाही. नसेल तर ती गेलेली चांगली. तीस सेकंद बघून वैतागून गेलेली बाई उपयोगाची नसते, व्हिडिओलाही आणि काकूंनाही.

दुसऱ्या परिच्छेदात जे व्हिडिओत दिसत नाही ते : साडी किती मीटर, नेसणारीची उंची साधारण किती, आत काय घालायचं, पिना किती. उंचीचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. पाच फूट दोन इंचाच्या मुलीला नेसवताना जितकं कापड निऱ्यांना उरतं तितकं पाच फूट आठ इंचाच्या अंगाला उरत नाही. ते लिहिलं नाही तर उंच मुलगी स्वतःला दोष देत बसते. शेवटी एक साधं वाक्य रोमन लिपीत आणि ‘नौवारी’ रूप घेऊन. सुट्या शब्दांची माळ मात्र नको. वर्णनात नुसत्या शोधशब्दांचा ढीग रचणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, आणि टॅगचा वेगळा रकाना असला तरी त्याचा उपयोग मुख्यतः नेहमी चुकीच्या स्पेलिंगने लिहिल्या जाणाऱ्या शब्दांपुरता, असं यूट्यूबच सांगतं.

माझ्या मते मात्र वर्णनातली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे टप्प्यांची नावं. आरशासमोरची बाई व्हिडिओ सलग बघतच नाही. तिला गाठ येते, पदर येतो, अडतं ते काष्ट्याला. तिला थेट तिथे जायचं असतं. वर्णनात वेळ आणि नाव लिहिलं की व्हिडिओच्या पट्टीवर तुकडे पडतात. अटी तीन : पहिली वेळ 0:00 असावी, वेळा चढत्या क्रमाने किमान तीन असाव्यात, आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा असावा. आकडे इंग्रजीच टाकावेत. पहिल्या खेपेला आमची पट्टी तुटलीच नाही, कारण भाचीने सुरुवात 0:05 पासून केली होती.

नावं कुठली द्यायची यावर खरी चर्चा झाली. काकूंच्या तोंडी कारागिरीचे शब्द आहेत : गाठ, निऱ्या, काष्टा, ओचा, सोगा. ‘ओचा’ म्हणजे निऱ्यांचा समोरचा भाग उचलून कंबरेला खोचल्यावर पोटाशी जो घोळ तयार होतो तो. पूर्वी ओटीचा नारळ बायका त्यातच घेत. आजच्या मुलीला तो शब्द ठाऊक नसतो. तिला म्हणायचं असतं, ‘तो पुढचा फुगलेला भाग’. निऱ्यांना कुणी मिऱ्या म्हणतं, कुणी प्लेट्स, कुणी चुण्या. काष्ट्याला कासोटाही म्हणतात. काकूंचं म्हणणं, शब्द सोपे करून टाक. मला ते पटेना. ओचा शब्द काढून टाकला तर पुढे तो कोण शोधणार? आम्ही दोन्ही ठेवले, आधी कारागिरीचा शब्द आणि लगेच पाठोपाठ साधा.

```
0:00 तयार नऊवारी, पुढून-मागून
0:25 साडी ९ वार, आत काय घालायचं
1:40 कंबरेची गाठ
3:05 पदर काढणे, लांबी ठरवणे
5:10 निऱ्या (मिऱ्या, प्लेट्स) पाडणे
7:30 काष्टा मागे कसा खोचायचा
9:50 ओचा, पुढचा भाग खोचणे
11:00 बसून, वाकून, फुगडी घालून पाहा
```

‘काष्टा मागे कसा खोचायचा’ हे मुद्दाम प्रश्नासारखं आहे. काही बायका फक्त तेवढंच शोधतात, आणि गूगलच्या निकालात कधी कधी व्हिडिओतला नेमका तो तुकडाच पुढे येतो. शेवटचा टप्पा काकूंच्या सांगण्यावरून. त्यांच्या मते साडी नीट नेसली की नाही ते आरशात कळत नाही, खाली वाकल्यावर कळतं.

टप्प्यांना नावं देताना व्हिडिओतल्या उणिवाही उघड्या पडतात. गाठ आणि पदर यांच्यामध्ये काकू कापड मागून फिरवून उजव्या काखेखालून पुढे आणतात, ती कृती चार सेकंदांत उरकली होती. तिला नाव द्यायला गेलो तर तुकडाच बसेना. म्हणजे शिकवताना तो टप्पा राहूनच गेला होता. काकूंना ते सवयीने हातचं झालेलं, बघणारीला मात्र तिथेच कोडं. व्हिडिओ पुन्हा काढण्याऐवजी ‘पदर काढणे’ या तुकड्याबद्दल वर्णनात एक ओळ घातली : ‘गाठीनंतर लांब टोक पाठीमागून उजव्या काखेखालून पुढे घ्या, मग डाव्या खांद्यावर’.

नावं देण्याची अगदी वेगळी रीतही आहे. २०१७ साली ‘द सारी सीरिज’ नावाचा संग्रह आला. त्यात भारतभरातल्या नेसण्याच्या ८० हून अधिक पद्धतींचे छोटे चित्रपट आहेत आणि त्यांची मांडणी प्रदेशांप्रमाणे आणि पद्धतींप्रमाणे आहे. अभ्यासकाला ते उत्तम. तो पद्धतीचं नाव धरूनच येतो. आपली आरशासमोरची बाई पद्धतीचं नाव धरून येत नाही. ब्राह्मणी, पेशवाई, कोळी हे शब्द तिला बहुतेक वेळा व्हिडिओ पाहिल्यावर कळतात. म्हणून ते शीर्षकात आणायचा हट्ट आम्ही धरला नाही. वर्णनाच्या तिसऱ्या ओळीत ‘ब्राह्मणी पद्धत’ आहे, शोधणारीला सापडेल इतपत.

शीर्षक बदलून झालं की ते लागू पडलं की नाही हे यूट्यूब स्टुडिओत दिसतं. विश्लेषणात ‘यूट्यूब शोध’ हा स्रोत उघडला की कोणते शब्द टाइप करून लोक आले त्यांची यादी मिळते. आमच्याकडे थोड्या दिवसांनी त्या यादीत ‘9 vari sadi’ आणि ‘kashta’ दिसू लागले. पण सोबत ‘sahavari chi nauvari’ही होतं, म्हणजे सहावारीची नऊवारी. अशा बायका येऊन लगेच जाणार हे उघड होतं. मग वर्णनाच्या पहिल्याच ओळीनंतर लिहिलं : ‘ही पद्धत सहावारीला चालणार नाही’. शोधातून आलेल्या माणसाला परत पाठवणारी ओळ कुणी वर्णनात लिहीत नाही, पण मला ती त्या पानावरची सगळ्यात सचोटीची ओळ वाटते.

त्याच ठिकाणी एक आलेख असतो, प्रेक्षक कुठे टिकले आणि कुठे गळले याचा. सुरुवातीला मोठी घसरण असेल तर शीर्षकाने दिलेलं वचन आणि आतला माल जुळत नाही असं समजावं. मधेच टेकाड दिसलं तर तिथे लोक मागे नेऊन पुन्हा पाहत आहेत. आमचं टेकाड काष्ट्यावर होतं, साडेसातव्या मिनिटानंतर. काकूंनी तो आलेख चष्मा पुढे ओढून पाहिला आणि म्हणाल्या, “लग्नघरी पण पोरी तिथेच ‘काकू, परत एकदा’ म्हणतात.” पुढच्या व्हिडिओत काष्टा पाठीमागून, जवळून दाखवायचं ठरलं.

तो पुढचा व्हिडिओ पैठणीचा होता. नाशिककरांना पैठणी म्हटली की येवला आठवतो. तो आपल्याच जिल्ह्यात, आणि पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. शोधणाऱ्या बायकाही ‘yeola paithani’ असंच लिहितात. शीर्षकासाठी यापेक्षा चांगला शब्द नाही. अडचण एकच होती. काकूंनी नेसवायला आणलेली साडी भाचीने मेनरोडवरच्या दुकानातून घेतलेली होती. मोर होते, बुट्टे होते, जरीचा काठ होता. मी पदर उलटा करून पाहिला. हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात, त्यामुळे उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ दिसते. इथे मागे सुटे धागे लोंबत होते आणि मोराची पिसं एकमेकांत गुंतली होती.

भाची म्हणाली, “व्हिडिओत मागची बाजू कुठे दिसते? आणि पदर तर तसाच पडतो.”

काकूंनी पदराची घडी घातली, हातावर तोलली. “तसाच पडत नाही गं. ही हलकी आहे. खरीचा पदर खांद्यावरून मागे ओढतो, त्याला पिन वेगळी लागते. सेमी आहे ना, मग सेमीच लिही.”

भाचीने शीर्षकात ‘सेमी पैठणी’ लिहिलं, आणि काकूंनी तिच्या हातात दुसरी पिन ठेवली.